प्री-ईएमआय: हप्ता उचलण्याआधी हे बघा

स्वतःच्या प्लॉटवर गृहकर्ज काढून घर बांधताय, तर आधी एक लक्षात घ्या: प्री-ईएमआय म्हणजे उचललेल्या रकमेचं नुसतं व्याज, त्यातून मुद्दल एक रुपयाही फिटत नाही. समजा 9 टक्क्यांनी 30 लाख मंजूर झालेत. जोत्याला 6 लाख मिळाले की महिना 4,500 रुपये. स्लॅबला आणखी 9 लाख आले की 11,250. शेवटचा हप्ता उचलल्यावर पूर्ण ईएमआय, 20 वर्षांसाठी साधारण 27,000.

म्हणून सेंट्रिंग लागायच्या आत स्लॅबचे पैसे उचलू नका. काम पावसामुळे थांबलं तरी व्याज चालूच राहतं.

खरी गोची मुदतीची. मंजुरीपत्रात बांधकामाची मुदत लिहिलेली असते, बऱ्याचदा पहिला हप्ता उचलल्यापासून 18 महिने. ती संपली की घर अर्धवट असलं तरी ईएमआय सुरू होऊ शकतो, आणि भाडंही डोक्यावर असतंच. काम लांबतंय असं दिसलं की मुदतीआधीच इंजिनिअरचा दाखला जोडून वाढीव मुदतीचा अर्ज द्या. शेवटचे दोन-तीन लाख नको असतील, तर तसंही लेखी कळवा आणि उचललेल्या रकमेवरच ईएमआय बसवून घ्या.