इस्तिखाऱ्यानंतर स्वप्नाची वाट पाहू नका

निपाणीतला गाळा भाड्याने घ्यावा का, यासाठी तुम्ही तीन रात्री इस्तिखारा केलात आणि स्वप्न पडले नाही म्हणून खचलात. पण हजरत जाबिर यांच्या हदीसमध्ये स्वप्नाचा उल्लेखच नाही. फर्जखेरीज दोन रकात नफल पढून दुआ मागावी आणि 'हे काम' या शब्दांपाशी गाळ्याचा विचार मनात आणावा. असर ते मगरिब ही नफल टाळावी.

दुआत मुख्य मागणे असे असते, की काम भल्याचे असेल तर सोपे कर, नसेल तर ते माझ्यापासून आणि मला त्यापासून दूर ठेव. म्हणून जाणत्यांशी मशवरा करून करारनाम्याकडे वळा. मालकाने ऐनवेळी नकार दिला, तर तेही उत्तरच समजावे.