‘हायड्रॉलिक’ आणि ‘न्यूमॅटिक’: दाब आणि दबणे

‘टिपरचा हौदा हायड्रॉलिक आणि त्याच टिपरचे ब्रेक न्यूमॅटिक, असे मेकॅनिक म्हणतो. दोन्हींत दाबच असेल, तर दोन शब्द कशाला? आणि मराठीत काय म्हणावे?’

दोन्ही शब्द मूळ ग्रीक आहेत. पहिल्यात पाणी आणि नळी आहेत, तर दुसऱ्यात श्वास किंवा वारा. हायड्रॉलिक यंत्रांत आज बहुधा तेल असते, म्हणून ‘जलीय’ हा प्रतिशब्द मला फसवा वाटतो. ‘द्रवचालित’ आणि ‘वायुचालित’ हे अधिक नेमके आहेत.

दाब दोन्हींत असतो. फरक पडतो तो दबण्यात. डिचोली-साखळीकडे खनिज वाहणारा टिपर हौदा उचलतो, तेव्हा त्याच्या सिलिंडरात २० लिटर तेल आणि १५० बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या सुमारे १५० पट, दाब आहे असे समजू. एवढ्या दाबाखाली तेल सुमारे एक टक्का, म्हणजे जेमतेम २०० मिलिलिटर आकसते. तीच जागा तेवढ्याच दाबाच्या हवेने भरायची, तर बाहेरची सुमारे ३००० लिटर हवा कोंबावी लागेल, आणि ती दाबलेल्या स्प्रिंगसारखी उसळायला टपलेली असेल. ओले खनिज हौद्याला चिकटून राहते आणि मग एकदम घसरते. अशा वेळी ओझे हलके होताच हवा प्रसरण पावून हौदा वर झटकेल, तर तेलावरचा हौदा व्हॉल्व्ह बंद असेपर्यंत जवळजवळ होता तिथेच राहतो.

ब्रेकमध्ये मात्र हवेचे हेच दबणे उपयोगी पडते. इंजिनावरचा कॉम्प्रेसर टाक्यांत हवा साठवतो, वापरलेली हवा ‘फुस्स’ करून बाहेर सोडता येते आणि तेलासारखी परतीची नळी लागत नाही. पार्किंग ब्रेकची रचना तर उलटी असते: हवा स्प्रिंगला मागे रोखून धरते, त्यामुळे हवा निघून गेल्यास स्प्रिंग स्वतःच ब्रेक लावते.

हा फरक पायालाही कळतो. मोटारीच्या द्रवचालित ब्रेकचे पेडल थोडे खाली जाऊन घट्ट अडते. त्याच्या नळीत हवा शिरली, की ते स्पंजासारखे लागते. मास्टर सिलिंडर एका दाबात ९ मिलिलिटर तेल ढकलतो आणि नळीत ४ मिलिलिटरचा बुडबुडा आहे असे धरले, तर जवळजवळ अर्धी चाल त्याला चिरडण्यातच जाते. भराभर दोन-तीनदा पंप केल्यावर पेडल वर येऊन घट्ट होत असेल, तर बहुधा हवाच शिरलेली असते (सैल ब्रेकशूनेही असे होऊ शकते), आणि मग चाकाजवळचा निपल सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत तेल काढावे लागते. आपल्याकडचे गॅरेजवाले याला ‘एअर काढणे’ म्हणतात. द्रवचालित यंत्रात वायू हा दोष ठरतो, हे त्या दोन शब्दांत आलेच आहे.