फोनवर कीपॅड दाबून बिल भरताना कार्ड नंबर एजंटला कळतो का?

प्रश्न: युकेत नवीन आहे. वीजबिल भरायला कस्टमर केअरला फोन केला तर बाई म्हणाली कार्ड नंबर सांगू नका, कीपॅडवर दाबा, मी लाइनवरच आहे. अहो ती लाइनवर आहे म्हणजे बीप बीप तिला ऐकू येणारच ना? मग लपलं काय?

उत्तर:

बीप तिला ऐकू येतात, पण ते तुमचे नसतात. तुम्ही ४ दाबा नाहीतर ९ दाबा, तिच्या हेडफोनमधे दर वेळी तोच एकसुरी बीप वाजतो, काही ठिकाणी तर तोही नाही, नुसती शांतता. तुमच्या कीपॅडचा खरा आवाज तिच्यापर्यंत यायच्या आधीच कापलेला असतो. मी हिंजवडीत बसून युकेच्या एका वीज कंपनीच्या कॉल सेंटरची टेलिफोनी सांभाळायचो, हे आकडे लपवणं म्हणजे मास्किंग, ते बसवणं आणि मग ते खरंच चालतंय का हे तपासणं माझ्याच गळ्यात होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमची शंका, ती अगदी बरोबर आहे. कीपॅडचा प्रत्येक आवाज म्हणजे दोन सूर एकत्र वाजतात, एक आडव्या ओळीचा आणि एक उभ्या ओळीचा. ५ दाबलं की ७७० आणि १३३६ हर्ट्झ, ६ दाबलं की ७७० तसाच राहतो पण दुसरा १४७७ होतो. ही पद्धत १९६३ साली अमेरिकेत सुरू झाली आणि ती बनवलीच अशी की मशीनला आकडा बिनचूक कळावा. म्हणजे आवाज रेकॉर्ड झाला की आकडा गेलाच समजा, फुकटातलं सॉफ्टवेअर दोन सेकंदात सगळा नंबर काढून देतं. एजंटच्या कानाची भीती त्या मानाने कमी, दिवसाला शंभर कॉल घेणाऱ्या माणसाला कुठे सूर ओळखत बसायला वेळ असतो, खरी भीती रेकॉर्डिंगची. कॉल सेंटरचे बहुतेक कॉल रेकॉर्ड होतात आणि महिनोनमहिने सर्व्हरवर पडून असतात.

आता कापतात कुठे ते बघा. तुमचा कॉल सरळ त्या बाईच्या टेबलावर जात नाही, तो आधी मास्किंगवाल्या कंपनीच्या मशीनमधून जातो आणि मग कॉल सेंटरमधे येतो. ती बाई स्क्रीनवर पेमेंटचं बटण दाबते तेव्हा ते मशीन जागं होतं. त्यानंतर तुमच्याकडून येणाऱ्या आवाजातले सूर ते ओळखतं, आकडा स्वतःकडे ठेवतं आणि पुढे फक्त तो एकसुरी बीप सोडतं. तुमचं बोलणं मात्र जसंच्या तसं जाऊ देतं, म्हणून ती लाइनवर राहून "हां, आता एक्सपायरी टाका" असं सांगू शकते. तिच्या स्क्रीनवर एकेक चांदणी उमटत जाते, शेवटी असं दिसतं:

```
************1881
```

पूर्ण नंबर त्या मशीनमधून थेट पेमेंट गेटवेला जातो. कॉल सेंटरला परत येतो तो फक्त पैसे जमा झाले का नाही हा निरोप, शेवटचे चार आकडे आणि पुढच्या वेळी वापरायला एक टोकन, ज्याचा दुसरीकडे कुणाला उपयोग नाही.

एक गंमत सांगतो. तुम्ही मोबाइलवरून फोन केला असेल तर तुमच्या कानाला येणारा बीप आणि पुढे जाणारा बीप हे एक नाहीतच. मोबाइलचा आवाज दाबून लहान करून पाठवतात, ते माणसाच्या बोलण्यासाठी जमवलेलं आहे, त्यातून हे सूर वेडेवाकडे होतात. म्हणून फोन आवाज न पाठवता नेटवर्कला नुसतं कळवतो की ५ दाबलंय, आणि पुढे लागला तर तो सूर नेटवर्क स्वतः बनवतं. इंटरनेटवरून जाणाऱ्या कॉलमधेही असंच आहे, आकडा आवाजात न जाता वेगळ्या पाकिटात जातो, कॉल जोडताना दोन्ही बाजूंचं ठरतं ते या ओळीत:

```
a=rtpmap:101 telephone-event/8000
```

असं पाकिटातून आलं तर काम सोपं, ते पाकीट काढून घ्यायचं, कापायला आवाजच नाही. पण लँडलाइन किंवा जुन्या एक्स्चेंजवरून आलेला कॉल आवाजातच आकडे घेऊन येतो आणि खरी डोकेदुखी तिथे असते.

आमच्याकडे काय झालं ते सांगतो. सिस्टिम लागली, पहिली टेस्ट. मी कस्टमर, शेजारच्या टेबलावरचा मित्र एजंट, कॉल मुद्दाम लँडलाइनच्या मार्गाने आणला. नंबर टाकला `4012 8888 8888 1881`, हा टेस्टिंगसाठीचा नंबर आहे, खरं कार्ड नाही. मित्राला बीप एकसुरी, स्क्रीनवर सोळा चांदण्या, सगळे खूश. मी तरी म्हटलं रेकॉर्डिंग उघडून बघू. कानाला काही नाही, फक्त प्रत्येक बीपच्या आधी बारीक टिक्, जुनी कॅसेट सुरू करताना यायची तशी. ती टिक् मोठी करून पाहिली तर ३० मिलिसेकंदांचा खरा सूर! फाइल सुरांवरून आकडे काढणाऱ्या डीकोडरमधे टाकली आणि सोळापैकी पंधरा आकडे बाहेर आले. एकटा बारावा तेवढा निसटला.

असं का, तर मशीनला सूर ओळखायला तो थोडा ऐकावा लागतो. माणूस बोलतानाही मधेच तसा सूर लागून जातो, त्यामुळे पहिल्या क्षणालाच कापलं तर बोलण्याचेच तुकडे पडतील. म्हणून ते साधारण ३०-४० मिलिसेकंद खात्री करतं आणि मग कापतं, आणि तेवढ्या वेळात सुरुवातीचा तुकडा पुढे निघून गेलेला असतो. आमच्या डीकोडरला ओळखायला २०५ सॅम्पल पुरत होते, सेकंदाला ८००० सॅम्पलच्या हिशोबाने म्हणजे जेमतेम २६ मिलिसेकंद. कानाला टिक्, कॉम्प्युटरला अख्खा आकडा.

मॅनेजर म्हणाला पंधराच आले ना, एक तर नाही आला. त्याला तिथेच कागदावर करून दाखवलं. कार्ड नंबरात शेवटचा आकडा बाकीच्यांवरून ठरलेला असतो, उजवीकडून एक सोडून एक आकडा दुप्पट करायचा, दोन अंकी झाला तर नऊ वजा, आणि सगळ्यांची बेरीज दहाच्या पटीत आली पाहिजे. बारावा सोडून बाकी पंधरांची बेरीज येते ८२. तो आकडा उजवीकडून पाचवा म्हणजे दुप्पट न होणारा, ९० व्हायला ८ पाहिजे, दुसरं काही चालतच नाही. सोळावाही सापडला. एक्सपायरी आणि कार्डच्या मागचे तीन आकडे पण तसेच गळत होते, ते तीन आकडे तर पैसे मंजूर झाल्यावर कुठेच साठवायचे नाहीत, कुलूप लावूनसुद्धा नाहीत असा पीसीआय डीएसएसचा म्हणजे कार्ड सुरक्षेचा नियम आहे. आणि आमच्या सर्व्हरवर त्यांची रेकॉर्डिंग.

उपाय साधाच निघाला. पेमेंट चालू असेपर्यंत तुमच्याकडचा आवाज ५० मिलिसेकंद रोखून ठेवायचा आणि मग पुढे सोडायचा. सूर ओळखला जाईपर्यंत त्याचं डोकं अजून मशीनच्याच हातात असतं, तिथूनच कापता येतं. बोलण्यात तेवढा उशीर कुणाला जाणवतही नाही. पुन्हा टेस्ट केली तेव्हा डीकोडरच्या हाती एकही आकडा लागला नाही.

दुसरा घोळ उलटा. काही कॉलमधे आकडा पाकिटातूनही यायचा आणि आवाजातूनही, मशीन दोन्ही मोजायचं. माणूस ४० दाबतोय आणि आत ४४०० जातंय. एजंटला आकडे दिसत नाहीत, तिला फक्त दिसतं की नंबर चुकीचा म्हणून लाल झालाय, ती म्हणते परत टाका, परत लाल, तिसऱ्यांदा कस्टमर वैतागून म्हणतो लिहून घ्या आणि धडाधड नंबर बोलून टाकतो. झालं, सगळ्या मास्किंगवर पाणी. हे दुरुस्त करायला आम्हाला टिक् पेक्षा जास्त दिवस लागले.

तुम्ही भारतातून गेलाय म्हणून एवढं आश्चर्य वाटतंय. आपल्याकडे नंबर कळला तरी ओटीपी लागतो. तिकडे फोनवरून होणाऱ्या पेमेंटला तो दुसरा पडताळा बंधनकारक नाही, नंबर, तारीख आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर सहसा पैसे जातात, म्हणून ते तीन लपवण्याला इतकी किंमत. मास्किंग येण्याआधी आमच्या फ्लोअरवर पेन-कागद बंद, मोबाइल लॉकरमधे, आणि नंबर ऐकायच्या वेळी एजंटने रेकॉर्डिंग थांबवायचं बटण दाबायचं असा कारभार होता. बटण दाबायला विसरणं रोजचंच. आणि आठवलं तरी एजंटला तर नंबर ऐकू येतच होता.

तुमच्या बाजूने ओळखायचं कसं, तर ती बाई "दोन आकडे कमी आलेत" एवढं सांगू शकते, चांदण्या मोजून. "तिसरा ७ आहे ना?" असं म्हणाली तर मास्किंग नाही, फोन ठेवा. आणि हे सगळं त्यांच्या टोकाला चालतं, तुमच्या फोनमधून आकडे खरेच निघतात. त्यामुळे कुणी स्वतःहून फोन करून "कीपॅडवर दाबा, सेफ आहे" म्हणालं तर सेफ काही नाही, ते सूर सरळ त्याच्याकडे जातील. बिलावर छापलेल्या नंबरला तुम्ही लावलेला कॉल असेल तरच दाबा.

आणि दाबताना आकडे मोठ्याने म्हणू नका हो. हसू नका, वेल्सकडच्या एक आजी होत्या, दर महिन्याला फोन करायच्या आणि दर आकडा दाबताना तो खणखणीत आवाजात म्हणायच्या, फोर, झीरो, वन... मशीन सूर कापतं, माणसाचं बोलणं नाही. एजंट मधे मधे "प्लीज म्हणू नका" करत राहायची आणि आजी "हो हो, सॉरी डिअर" म्हणून पुढचा आकडा म्हणायच्या. तो कॉल संपला की रेकॉर्डिंगचा तेवढा तुकडा पुसायची रिक्वेस्ट माझ्याकडे यायची, महिन्याच्या पाच-सहा तारखेला, न चुकता.