'इनव्हॅल्युएबल'चा विरुद्धार्थी 'व्हॅल्युएबल' का नाही?

"सराव पेपरात इनव्हॅल्युएबलचा विरुद्धार्थी विचारला होता. पर्याय होते प्राइसलेस, व्हॅल्युएबल, वर्थलेस आणि कॉस्टली. 'इन' म्हणजे 'नाही' असं क्लासमध्ये शिकवलंय, म्हणून मी व्हॅल्युएबलवर खूण केली, तर चूक. मग मुळावरून अर्थ काढायचा की नाही?" (एक परीक्षार्थी, सात रस्ता, सोलापूर)

मुळावरून जरूर काढा, पण नकार नेमका कशाला लागलाय ते आधी बघा. उत्तर वर्थलेस.

'व्हॅल्यू' हे इंग्रजीत क्रियापदही आहे, किंमत ठरवणे. त्याला 'एबल' लागला की अर्थ होतो 'ज्याची किंमत ठरवता येते'. 'इन'ने नाकारलंय ते हे ठरवता येणं. म्हणजे इनव्हॅल्युएबल ते, ज्याची किंमत करायला गेलं तरी करता येत नाही. आपला 'अमूल्य' अगदी याच वाटेने आलाय, आणि अमूल्य म्हणजे फुकटातलं असं आपण कधी समजत नाही. व्हॅल्युएबलचा रोजच्या वापरातला अर्थ मात्र 'मौल्यवान' झाला. तुम्ही नकार या अर्थाला जोडलात, तिथे घोटाळा झाला.

पेपर काढणाऱ्याने दुसरा सापळा प्राइसलेसमध्ये ठेवलाय. 'लेस' दिसला की हात तिकडे वळतो. पण प्राइस ही वर लावलेली किंमत, आणि वर्थ ही वस्तूची स्वतःची लायकी. किंमत लावताच येत नाही ते प्राइसलेस, म्हणजे इनव्हॅल्युएबलचा समानार्थीच. ज्यात लायकीच नाही ते वर्थलेस.

आता 'इन'ची दुसरी बाजू. पाकणीच्या डेपोकडून येणाऱ्या टँकरच्या मागे 'हायली इनफ्लेमेबल' लिहिलेलं तुम्ही वाचलं असेल. इथला 'इन' नकाराचा नाहीच. लॅटिनमध्ये दिसायला सारखे दोन 'इन' होते, एक 'नाही'वाला, दुसरा 'आत, वर' या अर्थाचा. इनफ्लेम म्हणजे पेटवणे, त्यावरून इनफ्लेमेबल म्हणजे पटकन पेट घेणारं. लोक याचा अर्थ 'न पेटणारं' असा घेतील, या धास्तीने विसाव्या शतकात सुरक्षिततेचं काम बघणाऱ्यांनी फ्लेमेबल हा शब्द पुढे आणला. म्हणून फ्लेमेबल आणि इनफ्लेमेबल समानार्थी आहेत, विरुद्धार्थी नॉनफ्लेमेबल.

हे दोन 'इन' ओळखायचे कसे? 'इन'सकट क्रियापद इंग्रजीत आहे का ते बघा. इनफ्लेम आहे, म्हणून तो 'आत'वाला. 'इनव्हॅल्यू' असं क्रियापद कोणी वापरत नाही, म्हणून तो 'नाही'वाला. ढोबळ मानाने क्रियापदाला चिकटलेला 'इन' 'आत'चा, विशेषणाला चिकटलेला नकाराचा. पुढच्या अक्षरानुसार दोघंही वेष बदलतात. इर्रेग्युलरमधला 'इर' नकाराचा, पण आपल्या उजनीच्या कालव्याशी जोडलेल्या इरिगेशनमधला 'इर' आत पाणी सोडण्याचा.

ही खूण सगळीकडे चालत नाही. इनफेमस बघा. फेमस हे विशेषण, 'इन' नकाराचा, म्हणून 'अप्रसिद्ध' असं उत्तर येईल, आणि ते चूक. लॅटिनमधल्या 'फामा'त प्रसिद्धीबरोबर नावलौकिकही येतो. इथे नाकारलाय तो लौकिक, म्हणून अर्थ कुप्रसिद्ध. अशा वेळी वाक्यच वाचवतं. 'द टाउन वॉज इनफेमस फॉर इट्स मनीलेंडर्स' असं वाक्य असेल, तर 'फॉर'नंतर कारण दिलंय म्हणजे गाव माहीत नसलेलं नाही, आणि सावकारीसाठी माहीत असणं काही कौतुकाचं नाही. शब्द चांगल्या बाजूचा की वाईट बाजूचा हे वाक्यातून आधी ठरवा, बहुतेक वेळा दोन पर्याय तिथेच गळतात. मूळ नंतर, उरलेल्या दोघांत निवड करायला.

मुळाची खरी कमाई 'शब्दसमूहाबद्दल एक शब्द'मध्ये होते, कारण तिथे व्याख्या समोरच दिलेली असते. 'वाचता न येणारं अक्षर' आणि 'निवडीस अपात्र' यांसाठी इलेजिबल आणि इनएलिजिबल हे दोन्ही शब्द पर्यायांत शेजारी ठेवतात. पहिल्यातून नकार काढला की लेजिबल उरतो, तो लेक्चरच्या घरातला, म्हणजे वाचण्याचा. दुसऱ्यातून काढला की एलिजिबल, तो इलेक्शनच्या घरातला, म्हणजे निवडीचा.

वाक्प्रचारांना मात्र हे काहीच लावू नका. 'टू स्मेल अ रॅट' म्हणजे संशय येणे. त्यातल्या शब्दांची मुळं खणून हा अर्थ हाती लागणार नाही. ते पाठच करावे लागतात, तेही वाक्यासकट.