ब्रॅकेट ऑर्डर अर्धवट भरली, तर स्टॉप किती शेअरचा?

प्रश्न: "२५०ला १००० शेअरची खरेदी, २६० टार्गेट, २४५ स्टॉप अशी ब्रॅकेट ऑर्डर टाकली. ३००च मिळाले आणि भाव वर निघून गेला. आता स्टॉप-टार्गेट किती शेअरना लागू? आणि टार्गेटही अर्धवटच भरलं तर?"

लागू ३००लाच असायला हवेत, पण प्रत्येक ब्रोकरकडे तसं होतंच असं नाही. अंदाज बांधत बसू नका, ऑर्डर बुक उघडा आणि स्टॉपच्या ओळीत किती शेअर पेंडिंग आहेत ते बघा. ३०० असतील तर सगळं ठीक. पुढे आणखी शेअर आले की स्टॉप आणि टार्गेट दोन्ही आपोआप वाढतील. स्टॉपची ओळच नसेल, तर मूळ ऑर्डर पूर्ण भरेपर्यंत तो जागा होणार नाही आणि तुमचे ३०० शेअर तोवर विनास्टॉप पडून आहेत. ओळीत १००० दिसत असतील आणि उरलेली खरेदी तुम्ही रद्द केली, तर २४५ला १००० विकले जातील. म्हणजे ३०० सुटतील आणि ७०० शॉर्ट गळ्यात पडतील.

लिमिटने घेतलेल्या खरेदीत अर्धवट भरणं बहुतेक भाव वर पळाला की होतं. भाव २४५पर्यंत घसरायचा तर वाटेत २५०ला तुमचे उरलेले ७००ही भरून जातात. थोडक्यात, फायद्याच्या सौद्यात ३०० आणि तोट्याच्या सौद्यात पूर्ण १०००. म्हणून ते ७०० तसेच लटकत ठेवणं मला पटत नाही. समजा ३००चं टार्गेट २६०ला भरलं, त्यांचा स्टॉप रद्द झाला, पण ७००ची खरेदी जिवंतच राहिली. भाव परत २५०ला आला की तुम्ही विसरलेल्या सौद्यात पुन्हा आत! भाव टार्गेटच्या निम्म्या वाटेवर पोचला की उरलेली खरेदी मी रद्द करतो. मात्र काही ठिकाणी मूळ ऑर्डर रद्द केली की तिच्यासोबत स्टॉप-टार्गेटही जातात, तेव्हा रद्द केल्यावर ऑर्डर बुक पुन्हा बघाच.

आता दुसरा प्रश्न, आणि खरी गोम इथेच आहे. समजा १०००च्या १००० मिळाले, २६०ला त्यांतले ४०० विकले गेले आणि भाव फिरला. 'एक भरली की दुसरी रद्द' एवढाच नियम असेल, तर ४००वर ती 'भरली' म्हणायची का? पहिल्याच शेअरला भरली मानली तर स्टॉप उडतो आणि ६०० उघडे पडतात. पूर्ण भरल्यावरच मानली तर स्टॉप १०००चाच राहतो, २४५ला सगळे विकतो आणि तुम्ही ४०० शॉर्ट. बरोबर वागणं एकच: टार्गेटचे ४०० गेले की स्टॉप ६००वर यावा. तसं झालं तर ४००वर १० प्रमाणे ४००० मिळाले, ६००वर ५ प्रमाणे ३००० गेले, खर्च सोडून १००० हातात.

इंटरॅक्टिव्ह ब्रोकर्सच्या एपीआयमध्ये ही निवड उघडपणे करता येते. एकमेकींशी जोडलेल्या ऑर्डरींच्या गटाला `ocaType` 1 दिला तर एक भरताच बाकीच्या ऑर्डरी रद्द होतात. 2 आणि 3मध्ये त्या भरलेल्या प्रमाणात कमी होतात. 1 आणि 2मध्ये गटातली एकच ऑर्डर एका वेळी बाजारात पाठवली जाते, त्यामुळे दोन्ही भरून जाण्याचा धोका टळतो. 3मध्ये हे संरक्षण नाही. वेगात धावणाऱ्या बाजारात रद्द करण्याचा निरोप पोचायच्या आत दुसरी ऑर्डर भरू शकते.

मधेच हाताने बाहेर पडायचं असेल तर वेगळी विक्री टाकू नका. ती भरेल, पण स्टॉप आणि टार्गेटला तिचा पत्ताच नसतो. ते दोघे तसेच उभे राहतात आणि पुढे कुठला तरी लागून शॉर्ट करून ठेवतो. त्याऐवजी टार्गेटचीच किंमत बदलून ती चालू भावाला आणा, म्हणजे जोडी तुटत नाही. स्टॉप लिमिट प्रकारचा असेल तर आणखी एक भानगड: झपाट्याने पडणाऱ्या भावात तोही अर्धाच भरू शकतो आणि तोवर टार्गेट रद्द झालेलं असतं. स्टॉप मार्केट प्रकारचा ठेवला तर भाव वाईट मिळेल, पण सहसा शेअर अडकत नाहीत.

तुमच्या ब्रोकरचं वागणं तपासायचं असेल तर कमी उलाढालीचा, स्वस्त शेअर निवडा. सर्वांत कमी भाव मागणाऱ्या विक्रेत्याकडे १० दिसत असतील तर त्याच भावाला १५ची ब्रॅकेट टाका. १० लगेच येतील, ५ लटकतील. तेवढ्यात स्टॉपची ओळ वाचा: १०, १५ की काहीच नाही. मग टार्गेट खरेदीदाराच्या भावाला आणा. त्याच्याकडे ४च असतील तर स्टॉप ६वर येतो का, तेही तिथल्या तिथे दिसेल.