‘इट्स गिव्हिंग’ म्हणजे नक्की काय देतंय?

प्रश्न: आमच्या नव्या हॉलचा फोटो इन्स्टावर टाकला, तर त्याखाली भाचीने ‘इट्स गिव्हिंग डेंटिस्टची वेटिंग रूम’ असं लिहिलंय. हल्ली सगळेच हे ‘इट्स गिव्हिंग’ लिहून पुढे काहीही लावतात. काय देतंय, कोणाला देतंय? आणि हे कौतुक आहे की टोमणा?

उत्तर: टोमणाच आहे, पण प्रेमळ असावा. भाचीशी भांडायला जाण्याआधी हे वाक्य चालतं कसं ते बघा.

मी इंग्रजी मालिकांची मराठी सबटायटल्स करते, त्यामुळे या दोन शब्दांनी मला बरंच छळलंय. त्यांची खरी ओळख मात्र कामात नाही, घरातच झाली. मागच्या वर्षी चंदेरी नेसून बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये काढलेला फोटो टाकला होता. बहिणीच्या मुलीने खाली लिहिलं, ‘इट्स गिव्हिंग प्रिन्सिपल’. मी फोटो मोठा करकरून बघितला. चष्मा खटकला असेल? अंबाडा? हातातली पर्स? शेवटी फोन केला.

“चष्म्यामुळे म्हणालीस का गं?”

“नाही मावशी, चष्मा नाही. सगळंच.”

“म्हणजे छान दिसतेय की वाईट?”

“म्हणजे प्रिन्सिपल दिसतेयस!”

त्यावेळी मला हे टाळाटाळीचं उत्तर वाटलं होतं. आता वाटतं, याहून नेमकं उत्तर तिला देताच आलं नसतं.

आधी ‘इट’ बघू. हे ‘इट’ कोणत्याही एका वस्तूकडे बोट दाखवत नाही. तुमच्या सोफ्याकडे नाही, पडद्याकडे नाही, टीपॉयकडेही नाही. आपण ‘अंधारून आलंय’ म्हणतो तेव्हा काय अंधारून आलंय असं कोणी विचारत नाही, तसंच हे. फोटोच्या चौकटीत जे जे आहे ते सगळं मिळून ‘इट’. ‘कोणाला देतंय’ याचंही तसंच. ‘गिव्हिंग मी अमुक व्हाइब्स’ अशीही रचना इंग्रजीत आहे. तिच्यात ‘मी’ म्हणजे ‘मला’, आणि शेवटी ‘व्हाइब्स’. ‘इट्स गिव्हिंग’मध्ये या दोन्ही गोष्टी नाहीत, आणि ‘मला’ नसल्याचा परिणाम मोठा आहे. ‘मला डेंटिस्टकडे आल्यासारखं वाटतं’ हे एका माणसाचं वाटणं झालं. ‘मला नाही वाटत’ म्हणून ते उडवून लावता येतं. ‘इट्स गिव्हिंग’मध्ये वाटणारा माणूसच गायब. जणू हॉलच स्वतःहून ते वातावरण बाहेर टाकतोय आणि भाचीने फक्त नोंद घेतली. मत तिचं आहे, पण उभं राहतं निकालासारखं.

निकाल हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. ही बोली आली न्यूयॉर्कच्या बॉलरूममधून. बॉलरूम म्हणजे हार्लेम आणि आसपासच्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी आणि ट्रान्स लोकांनी उभ्या केलेल्या स्पर्धा. तिथे ‘हाउस’ असतात, म्हणजे घरंच. हाउसची आई असते, आणि एकेका कॅटेगरीत माणसं चालून दाखवतात. समोर परीक्षक बसलेले. पसंत पडलं तर दहाचा आकडा वर, नाही तर ‘चॉप’, म्हणजे बाद. १९९० साली आलेल्या ‘पॅरिस इज बर्निंग’ या माहितीपटात हे जग बघायला मिळतं. त्यात ‘रिअलनेस’ नावाच्या कॅटेगऱ्या आहेत. उदाहरणार्थ ‘एक्झिक्युटिव्ह रिअलनेस’: सूट घालून, ब्रीफकेस घेऊन असं चालायचं की कोणी म्हणावं, हा माणूस थेट ऑफिसातून आला.

इथे परीक्षक सुटाचं कापड तपासत नाही. सूट उसना असला तरी चालतो. बघायचं एवढंच की सगळं मिळून ‘साहेब’ उभा राहतोय की नाही. कातडीच्या रंगामुळे आणि लैंगिकतेमुळे ज्यांना त्या ऑफिसच्या दारातही उभं केलं नसतं, ते लोक तो साहेब उभा करत होते. आणि बायकी समजून रस्त्यावर मार खायचा नसेल, तर सर्वसामान्य पुरुषासारखं ‘दिसणं’ हा स्पर्धेबाहेरही जगण्याचा प्रश्न होता. ‘गिव्हिंग फेस’, ‘गिव्हिंग रिअलनेस’ ही या जगाची भाषा. वातावरणावर निकाल द्यायची सवय या शब्दाला तिथपासूनची आहे. म्हणून याला सरसकट ‘जेन झीची भाषा’ म्हटलं की मला खटकतं. पोरांनी ती उचलली, घडवली दुसऱ्यांनी.

ड्रॅगच्या, म्हणजे बायकी वेश करून रंगमंचावर उतरणाऱ्यांच्या, टीव्ही स्पर्धांतून ती पसरली आणि २०२०-२१च्या सुमारास टिकटॉकवरून सगळीकडे गेली. आपल्याकडे जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात रील्स सुरू झाले, म्हणून तुमच्या-माझ्या भाच्यांपर्यंत ती इन्स्टावरून पोचली.

आता पुढे येणारा शब्द. इंग्रजीत एरवी एकवचनी नामाआधी ‘अ’ किंवा ‘द’ लागतो. इथे तो बहुतेक वेळा गाळतात. ‘अ प्रिन्सिपल’ म्हटलं असतं तर कोणीतरी एक मुख्याध्यापिका डोळ्यांसमोर आली असती. नुसतं ‘प्रिन्सिपल’ म्हटलं की व्यक्ती उरत नाही, जात उरते: ऑफिसबाहेरचा बाक, टेबलावरची घंटी, ‘पालकांना घेऊन ये’. मराठीत ‘अ’ आणि ‘द’ नाहीतच, त्यामुळे ही गाळण्याची गंमत आपल्याला ऐकूच येत नाही. सबटायटल करताना पहिला पाय इथेच घसरतो. मी पहिल्यांदा ‘ती प्रिन्सिपलसारखी दिसते’ असं लिहिलं होतं. चूक नाही, पण मेलेलं वाक्य. ‘सारखी’ म्हटलं की तुलना आली, आणि तुलना आली की माणूस विचारतो, कशात सारखी? नाकात? उंचीत?

यावर एक साधी चाचणी आहे. मी खरोखरच एखाद्या शाळेची मुख्याध्यापिका असते, तर भाचीचं वाक्य एक तर फुकट गेलं असतं, नाही तर वेगळाच विनोद झाला असता. डेंटिस्टने स्वतःच्या वेटिंग रूमच्या फोटोखाली ‘इट्स गिव्हिंग डेंटिस्टची वेटिंग रूम’ वाचलं तर तो म्हणेल, मग काय असायला हवं होतं? जे आहे ते सांगायला हे वाक्य कामाचं नाही. जे नाही, तरीही खोलीत येऊन बसलंय, त्याचं नाव घ्यायला ते आहे. म्हणूनच ते खोटंही पाडता येत नाही. ‘हॉल वीस फुटी आहे’ हे टेप लावून तपासता येतं. ‘डेंटिस्ट’ला उत्तर द्यायचं तर दुसरं नावच पुढे करावं लागतं: ‘छे, इट्स गिव्हिंग बँकेची शाखा’. फोटोंखाली असे वाद रंगतात, आणि प्रत्येक जण आपलं नाव अधिक चपखल कसं तेवढंच लढवत असतो.

कौतुक की टोमणा, हे त्या पुढच्या नावावरून कळतं. पण अर्धंच. ‘आजोळची पडवी’ म्हटलं की बहुधा कौतुक, ‘डेंटिस्ट’ म्हटलं की नाही. ‘प्रिन्सिपल’ मात्र दोन्हीकडे झुकतं, आणि मधे लोंबकळत ठेवणं हाच काही वेळा हेतू असतो. पुढे काहीच न लावता नुसतं ‘इट्स गिव्हिंग’ लिहिलं असेल तर खुशाल खूश व्हा, ती शाबासकी आहे. ‘इट्स नॉट गिव्हिंग’ म्हणजे सगळं आणून मांडलं, पण रया नाही.

हो, ‘रया’. मराठीत हे काम करणारे शब्द आहेत, आपण त्यांच्याकडे या नजरेने बघत नाही एवढंच. सगळ्यात जवळचा म्हणजे ‘कळा’. ‘घराला स्मशानकळा आली’ या वाक्यात घरातल्या एकाही वस्तूचं वर्णन नाही. भिंत पडली की दिवा विझला, काही कळत नाही. वातावरणावर निकाल तेवढा दिलाय, आणि ‘मला’ इथेही नाही. फरक क्रियापदात आहे. इंग्रजीत वस्तू ‘देते’, आपल्याकडे तिला कळा ‘येते’. वास येतो, शंका येते, हल्लीच्या मराठीत ‘फील’सुद्धा येतो. पोरं आता ‘एकदम नाइन्टीजचा फील देतंय’ असंही म्हणतात. तिथे इंग्रजी ‘गिव्ह’ मराठी वाक्यात शिरलेलं दिसतं, आणि मला ते फारसं खुपत नाही. ‘कळा’ची अडचण वेगळी आहे. ती बहुतेक वाईटच असते: अवकळा, प्रेतकळा. कौतुकासाठी ‘थाट’ किंवा ‘बाज’कडे वळावं लागतं, आणि मग ते मधे लोंबकळणं जातं. एका मालिकेत कोणीतरी मैत्रिणीच्या कपड्यांना ‘इट्स गिव्हिंग सब्स्टिट्यूट टीचर’ म्हणतं. मी तिथे ‘अगदी बदलीवरच्या बाई!’ असं लिहिलं. क्रियापदच काढून टाकलं. ‘अगदी’ने निकालाचं काम केलं, आणि ओळ वाचायला वेळही कमी लागला.

आता तुमचा हॉल. फोटो मी पाहिलेला नाही, पण ‘डेंटिस्टची वेटिंग रूम’ हा निकाल साधारण कशाकशाने लागतो याचा अंदाज बांधता येतो. छतात पांढरेफटक ६५०० केल्विनचे दिवे, सोफा आणि खुर्च्या भिंतीला पाठ लावून रांगेत, मधे काचेचा टीपॉय, कोपऱ्यात प्लॅस्टिकचं झाड, आणि भिंतीवर कोणाच्याच ओळखीचं नसलेलं चित्र. यातली एकेक गोष्ट लाखो घरांत असते आणि कोणी काही म्हणत नाही. चारपाच एकत्र आल्या की माणूस आपसूक आपला नंबर कधी लागणार ते बघायला लागतो. भाचीला ‘नक्की काय बदलू’ असं विचारलंत तर तिला बहुतेक सांगता येणार नाही. माझ्या भाचीला कुठे आलं?

त्यामुळे हे तुम्हालाच शोधावं लागेल, आणि शोधायचं तर एका वेळी एकच गोष्ट हलवून. मी दिव्यापासून सुरुवात करेन. ३००० केल्विनचा, पिवळसर उजेडाचा एक दिवा कोपऱ्यात लावा, छतातले बंद करा आणि त्याच जागेवरून पुन्हा फोटो काढा. तरीही डेंटिस्टच दिसला तर एक खुर्ची भिंतीपासून सोडवून सोफ्यासमोर तिरकी ठेवा. मग फोटो भाचीला पाठवा, पण काय बदललंय ते सांगू नका.