ईक्यूसीआरची सही आहे, तरी फाइल तपासणीत शेरे का येतात?

प्रश्न: अंधेरीतल्या फर्ममध्ये आहे. लिस्टेड कंपनीच्या फाइलवर ईक्यूसीआरची, म्हणजे ऑडिट टीमबाहेरच्या क्वालिटी रिव्ह्यूअरची, चेकलिस्ट पूर्ण भरलेली, सहीसुद्धा आहे. मग तपासणीत नेमकं काय निघतं?

उत्तर: चेकलिस्टवर टिक दिसते, पण काय विचारलं आणि काय उत्तर आलं हे दिसत नाही. अडचण बहुतेक वेळा तिथेच असते.

तपासनीस आधी तारखा जुळवतो. एसए २२० या ऑडिटिंग स्टँडर्डप्रमाणे ईक्यूसीआरचा रिव्ह्यू पूर्ण होईपर्यंत ऑडिट रिपोर्टवर तारीख टाकता येत नाही. टाइमशीटमध्ये ईक्यूसीआरचे दोन तास आणि तेही रिपोर्टच्याच दिवशी असले, तर पुढचा प्रश्न ठरलेला: महत्त्वाचे निर्णय झाले तेव्हा ईक्यूसीआर कुठे होते?

मग तो एखादा अंदाजाचा आकडा उचलतो. समजा येणी ८४ कोटी आणि मटेरिॲलिटी, म्हणजे ज्यापुढची चूक महत्त्वाची धरायची ती मर्यादा, १ कोटी. बुडीत रकमेची तरतूद एजिंगवरून, म्हणजे उधारी किती दिवस जुनी आहे त्यावरून, काढली आहे: ९० दिवसांपर्यंत १ टक्का, १८० दिवसांवर ३० टक्के. वर्कपेपरात टक्केवारीचं गणित पुन्हा करून पाहिलंय, ते अचूक आहे. पण एजिंगचा रिपोर्ट कंपनीच्या सिस्टिममधून जसा आला तसाच घेतलाय. त्यातल्या तारखा मूळ बिलांशी कोणी ताडून पाहिल्याच नाहीत. फाइल इथेच पडते.

आता मार्चच्या क्रेडिट नोटांची यादी काढा. मे-जूनची ४ कोटींची बिलं रद्द झालीत, आणि त्याच ग्राहकाच्या नावे, त्याच रकमेची नवी बिलं मार्चच्या तारखेने निघालीत. माल नवा गेलेला नाही, डिलिव्हरी चलन जुनंच आहे. म्हणजे जुनी उधारी ताज्या रकान्यात येऊन बसली. खऱ्या वयाने तरतूद ४ कोटींच्या २९ टक्क्यांनी, म्हणजे १.१६ कोटींनी वाढते. मटेरिॲलिटी ओलांडली.

हे खोदकाम ईक्यूसीआरने स्वतः करायचं नसतं. तो टीमसारखा काम करू लागला तर त्याचा तटस्थपणाच जातो. त्याने प्लॅनिंगच्या वेळीच विचारायचं: एजिंग बरोबर आहे हे कशावरून? उत्तर पटलं नाही तर मतभेद फर्मच्या ठरलेल्या पद्धतीने मिटेपर्यंत रिपोर्ट थांबतो. प्रश्न, पार्टनरचं उत्तर, त्यावर झालेलं काम आणि तारीख एवढं अर्ध्या पानात लिहिलेलं असलं, तर चाळीस टिकांपेक्षा त्याचं वजन जास्त.

तपासणीचं पत्र आल्यावर ‘राहिलेले’ पेपर फाइलमध्ये घालायचा मोह होतो. तो आवराच. फाइल जुळवायला रिपोर्टच्या तारखेपासून साधारण ६० दिवस मिळतात, पण ते कागद लावायला, नवी तपासणी करायला नव्हे. नंतर काही घातलंच तर कोणी, कधी आणि का, हे एसए २३० प्रमाणे लिहावं लागतं. मागची तारीख घातलेला पेपर सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये उघडा पडतो, आणि मग विषय कमकुवत कागदपत्रांचा राहत नाही, गैरवर्तनाचा होतो.